प्रोजेक्टरचं चित्र वाकडं येतंय? कीस्टोनचं बटण दाबण्याआधी या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिसरीच्या वर्गात चौरस शिकवायला घेतला होता. लॅपटॉपवर नीट मापून काढलेला चौरस पडद्यावर पडला आणि पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, ह्याची वरची बाजू मोठी आहे." तिला पट्टी दिली, तिनं मोजलं, आणि तिचं बरोबर होतं. चारही बाजू सारख्या असतात हे मी ज्या चित्रावरून शिकवत होते, त्याच चित्रात त्या सारख्या नव्हत्या. त्या दिवसापासून प्रोजेक्टर लावताना मी घाई करत नाही.

आधी जोडणीचं बोलू, कारण चित्र नीट आल्याशिवाय ते वाकडं आहे की सरळ हे कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पडद्यावरच्या `No Signal` मध्ये. केबल बदलून बघतात, लॅपटॉप बंद-चालू करतात, आणि प्रोजेक्टर मात्र दुसऱ्याच पोर्टवर लक्ष ठेवून बसलेला असतो. केबल एचडीएमआयला लावलेली आणि प्रोजेक्टर व्हीजीएवर, असं सर्रास होतं. रिमोटवरचं `Source` किंवा `Input` बटण दाबून योग्य पोर्ट निवडा. ते करूनही काही दिसलं नाही तर लॅपटॉपवर विंडोजचं बटण धरून P दाबा आणि `Duplicate` निवडा. तिथं `PC screen only` निवडलेलं असेल तर लॅपटॉप बाहेर काहीच पाठवत नाही. पडद्यावर नुसता वॉलपेपर दिसतो आणि तुमचा धडा दिसत नाही, तेव्हा `Extend` निवडलेलं असतं.

दुसरी चूक कन्व्हर्टरची. जुन्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए आणि नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, ही जोडी आमच्याकडे बऱ्याच शाळांत आहे. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी साधी केबल आणून चालत नाही. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, व्हीजीएला अॅनालॉग लागतो, म्हणून मध्ये तो बदलणारं सर्किट असलेला कन्व्हर्टरच हवा. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे गाणं लावायचं असेल तर स्पीकर वेगळा जोडावा लागतो. यूएसबी-सीच्या बाबतीतही जपून घ्या, प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही.

व्हीजीएवर चित्र गुलाबी किंवा पिवळसर आलं तर सेटिंगमध्ये रंग शोधू नका. एखादी पिन वाकलेली असते किंवा नीट टेकलेली नसते. आमच्याकडच्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर धरतो. केबल काढून पिना बघा, मग सरळ आत बसवून दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा. चित्र एका बाजूला सरकून कापलं गेलं असेल तर रिमोटवरचं `Auto` दाबा. ते कीस्टोनचं काम नाही.

आणि रिझोल्युशन. शाळेतल्या प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्युशन बहुधा १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० असतं, लॅपटॉपचं १९२० × १०८०. आकार जुळला नाही की चित्र दाबलेलं दिसतं किंवा वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, आणि मग वाकडेपणाचा अंदाजच चुकतो. म्हणून डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्युशन आधी निवडा.

आता वाकडेपणा. कीस्टोन म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, वर रुंद आणि खाली निमुळता. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या दारांवर किंवा पुलांच्या कमानीत असे दगड दिसतात. खालच्या टेबलावरचा प्रोजेक्टर तोंड वर करून लावला की चित्राला नेमका तोच आकार येतो. कारण सोपं आहे. प्रोजेक्टरमधून प्रकाश पसरत जातो, म्हणजे जितकं लांब जाईल तितकं चित्र मोठं होतं. तोंड वर केलं की चित्राची वरची कड खालच्या कडेपेक्षा भिंगापासून लांब पडते, म्हणून ती मोठी होते. प्रोजेक्टर डावीकडे ठेवून तिरका उजवीकडे वळवला तर उजवी कड लांब पडते आणि ती उंच दिसते.

यातून एकच नियम निघतो आणि तो चारही बाजूंना लागू पडतो: जी कड मोठी दिसते, तिच्या दिशेनं प्रोजेक्टर सरकवा आणि मग त्याचं तोंड पडद्यासमोर सरळ करा. वरची कड मोठी असेल तर प्रोजेक्टर उचलून वर ठेवा. उजवी मोठी असेल तर उजवीकडे न्या. छताला लावलेल्या प्रोजेक्टरचं तोंड खाली झुकवलं की खालची कड मोठी होते. तिथं स्टँडची दांडी खाली घेता येते का ते बघायचं.

आमच्या वर्गाचंच उदाहरण देते. प्रोजेक्टर भिंतीपासून ३ मीटरवर, टेबलावर ७५ सेंटिमीटर उंचीला. चित्राची खालची कड १२० सेंटिमीटरवर हवी होती, म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलांना पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसेल. प्रोजेक्टरचे पुढचे पाय उंच केले, खाली वह्या सरकवल्या, तोंड साधारण साडेआठ अंशांनी वर गेलं. टेपनं मोजलं तर वरची कड २१८ सेंटिमीटर आणि खालची २०२. सोळा सेंटिमीटरचा फरक तिसरीतल्या मुलीला नुसत्या डोळ्यांनी दिसणारच.

अशा वेळी सगळे रिमोटवरचं `Keystone` दाबतात, मीही तेच केलं. कडा सरळ झाल्या. पण या बटणानं प्रकाशाची वाट बदलत नाही. प्रोजेक्टर आतल्या पॅनेलवरच चित्र वरच्या बाजूनं आक्रसतो. वरच्या ओळीला आधी १०२४ ठिपके मिळत होते, आता साधारण ९५०, आणि उरलेले कडेला काळे होऊन वाया गेले. अंधाऱ्या वर्गात ते वाया गेलेले कोपरे फिकट करडे दिसतात. बारीक अक्षरं फुटतात, देवनागरीत तर जास्तच, कारण वेलांटीच्या आणि अनुस्वाराच्या जागी आधीच मोजके ठिपके असतात. शिवाय आमच्या प्रोजेक्टरनं रुंदी सावरली पण उंची तशीच ठेवली, म्हणून वर्तुळ उभं लांबट झालं. आणि फोकसला तर हे बटण हातच लावत नाही. खालची ओळ स्पष्ट केली की वरची धूसर होते, कारण दोघींचं भिंगापासूनचं अंतर वेगळंच राहतं. वर धूसर आणि खाली स्वच्छ असं दिसलं की समजावं, प्रोजेक्टर जास्तच झुकलेला आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गातली लोखंडी मांडणी पडद्यासमोर त्याच तीन मीटरवर आणली. तिचा मधला कप्पा बरोबर १२० सेंटिमीटरच्या आसपास होता. प्रोजेक्टर तिथं आडवा, पाय पूर्ण आत घेऊन ठेवला. वर्गात वापरायचे बहुतेक प्रोजेक्टर सपाट ठेवले तरी चित्र वरच्या बाजूला फेकतात, म्हणून चित्राची खालची कड साधारण भिंगाच्याच उंचीला येते. तोंड वर करायची गरजच उरली नाही. मोजलं तर वर २००, खाली २००, उंची १५०. कीस्टोन शून्यावर.

शून्यावर, हे मुद्दाम सांगते. आधीच्या कुणी केलेली दुरुस्ती प्रोजेक्टरच्या स्मरणात राहिलेली असते. तिच्यावर आपण प्रोजेक्टर हलवत बसलो तर सरळ ठेवलेलं चित्रही उलटं वाकडं दिसतं. म्हणून क्रम असा ठेवा: कीस्टोन शून्य, मग जागा आणि उंची, मग झूम, मग फोकस, आणि तरीही फरक उरला तरच कीस्टोनच्या दोन-चार पायऱ्या. त्यानंतर फोकस पुन्हा एकदा तपासा. मोजायला कडेनं चौकट असलेली एक कोरी स्लाइड पुरते.

मोजताना लोक नुसते कर्ण मोजतात. प्रोजेक्टर बरोबर मध्यभागी असेल तर वरची कड मोठी असूनही दोन्ही कर्ण सारखेच भरतात. वर-खाली आणि डावी-उजवी अशा समोरासमोरच्या कडा आधी मोजा.

चारही कडा जोडीनं सारख्या आहेत पण अख्खं चित्रच एका बाजूला कललंय, अशी तक्रारही येते. तिथं कीस्टोन कितीही दाबा, उपयोग नाही. मागच्या पायाचा स्क्रू फिरवून प्रोजेक्टर सपाट करायचा असतो. बऱ्याच साध्या प्रोजेक्टरांत कीस्टोन फक्त वर-खालीचं असतं, डाव्या-उजव्या बाजूचं नसतंच. तिथं प्रोजेक्टर मध्यरेषेवर आणण्यावाचून इलाज नाही.

आपोआप होणाऱ्या कीस्टोनवरही मी डोळे झाकून भरवसा ठेवत नाही. अनेक प्रोजेक्टरांत ते यंत्र किती झुकलंय एवढंच ओळखतं. समोरचा पडदा त्याला दिसत नाही, तो ओळंब्यात सरळ आहे असं ते धरून चालतं. आमच्या जुन्या चिऱ्याच्या भिंती कुठे ओळंब्यात असतात? खिळ्याला टांगलेला पडदाही खालून पुढे येतो, पंखा लावला की हलतो. पडद्याची खालची दांडी दोन्ही टोकांना बांधून टाका आणि ऑटो कीस्टोन बंद करून हातानं बघा.

त्या वह्यांचंही सांगायला हवं. काही प्रोजेक्टरांच्या पोटाला हवा आत घेण्याची जाळी असते. तिच्याखाली वह्या किंवा कापड सरकवलं की यंत्र तापतं आणि भर तासात स्वतःहून बंद पडतं. उंच करायचंच झालं तर चारही पायांखाली फळी द्या आणि जाळी मोकळी ठेवा.

मांडणीच्या कप्प्यावर प्रोजेक्टरचे पाय जिथं टेकतात, तिथं आम्ही पांढऱ्या ऑइलपेंटचे ठिपके दिलेत. मांडणीच्या पायांभोवती फरशीवरही खुणा केल्या आहेत. आता प्रोजेक्टर कपाटातून काढून ठिपक्यांवर ठेवायचा, केबल लावायची आणि फोकस बघायचा. चौथीतली मुलंसुद्धा ते करतात.