पायलट ऑर्डर मागताना या चुका टाळा

द्राक्षबागेत लावायच्या मॉइश्चर सेन्सरचा प्लास्टिक डबा बनवायचाय, मोल्ड तुमच्या पैशातनं झालाय आणि आता कुपवाड एमआयडीसीतल्या मोल्डिंगवाल्याकडं पायलट म्हणून, म्हणजे चाचणीपुरते, 300 डबे मागायला निघालात, असं धरू.

पहिली चूक म्हणजे "पुढं लाखभर डबे लागणारेत, तोच रेट आत्ता लावा". हे वाक्य प्रत्येक कारखानदारानं इतक्यांदा ऐकलेलं असतं की तो चहा पाजतो आणि नंतर फोन उचलत नाही. त्याची अडचण साधी असते, 300 काय नि 3000 काय, मोल्ड मशीनवर चढवायचा, मशीनमधला आधीचा प्लास्टिकचा दाणा बाहेर काढायचा, ट्रायल शॉट मारायचे, एवढं करावंच लागतं. समजा याचे 6000 रुपये आणि डब्याचे 40, तर 300 ला डबा 60 ला पडतो आणि 3000 ला 42 ला. म्हणून सेटअप चार्ज वेगळा लिहून मागा, मग घासाघीस कशावर करायची ते तरी कळतं.

दाण्याचंही आधीच बोला. झाकणासकट डबा 80 ग्रॅमचा असेल तर 300 ला 24 किलो, बॅग येते 25 ची, आणि ट्रायल-रनरमध्ये एक किलोच्या वर सहज जातं. म्हणजे दुसरी बॅग फुटणारच, उरलेल्या दाण्याचे पैसे कुणाचे?

खरा घोळ मात्र मोठ्या ऑर्डरला होतो. पायलटचे डबे निवांत काढलेले असतात, 3000 च्या वेळी डबे भराभर निघावेत म्हणून कूलिंग टाइम कमी करतात, झाकण गरमच बाहेर पडतं आणि वाकतं, मग गॅस्केट नीट बसत नाही आणि फवारणीचं पाणी आत. मशीनवरनं उतरल्या उतरल्या बघितलं तर कळतही नाही, 24 तास थांबा, झाकण काचेवर पालथं ठेवा आणि कडेखालनं फीलर गेज घालून बघा. पायलटला जे सेटिंग चाललं त्याचा कागद दोघांच्या सहीनं ठेवा, पास झालेला एक डबाही सही करून त्याच्याकडं ठेवा, रिजेक्शनचा वाद त्यावरच मिटतो.

मेसेज असा टाका:

"साहेब, 300 डबे, सेटअप वेगळा धरून. 50 टक्के अॅडव्हान्स, बाकी माल तपासून 7 दिवसांत. बागेत 60 दिवस लावून बघणार, पाणी शिरलेले डबे 6 पेक्षा कमी निघाले तर 30 दिवसांत 3000 ची पीओ, 42 च्या रेटनं, दाण्याचा भाव बदलला तर तेवढाच फरक. पीओ दिली तर पायलटचा निम्मा सेटअप वळता करा, नाही दिली तर तो तुमचा. मोल्ड आमच्या मालकीचा, हिशोब मिटला की चलनावर परत."

उधारी ताणायचा विचार असेल तर एवढं बघून ठेवा, तो उद्यम नोंदणीवाला मायक्रो किंवा स्मॉल असला तर लेखी ठरवूनही 45 दिवसांच्या पुढं जाता येत नाही आणि लेखी काहीच नसेल तर 15 दिवसांतच द्यावे लागतात.