एकसष्ट लाख सात हजार... आणि हरवलेलं शून्य

पाचवीतल्या भाचीला मी एक संख्या लिहायला सांगितली. २०११ च्या जनगणनेतली नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या: एकसष्ट लाख सात हजार एकशे सत्त्याऐंशी. तिनं क्षणभर विचार केला आणि वहीत लिहिलं, ६१७१८७. मी म्हटलं, "वाच बघू." तिनं उजवीकडून स्वल्पविराम दिले, ६,१७,१८७, आणि वाचायला लागली, "सहा लाख सतरा..." मग थांबली. "मावशी, कायतरी गेलंय."

गेलं होतं ते एक शून्य, आणि त्यापायी अख्खा जिल्हा दहापट लहान झाला होता. स्थानिक किंमत, विस्तारित रूप आणि जवळची संख्या काढणं हे तिन्ही धडे या एकाच संख्येवर शिकवता येतात. आम्ही ते कसे केले ते पुढे सांगते. वेळ म्हणाल तर रोज वीस मिनिटं, चार दिवस.

आधी घरं, मग खोल्या

चूक का होते ते आधी पाहू. आपण संख्या बोलतो तेव्हा शून्याचा उच्चारच होत नाही. "सात हजार" म्हणताना दशहजाराच्या जागी काही नाही, हे कानाला कळत नाही. मूल ऐकलेले अंक एकापुढे एक मांडत जातं आणि रिकामी जागा गिळून टाकतं.

यावर उपाय एकच. अंक ऐकून लिहायचे नाहीत, घरं भरायची. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे सात चौकोन काढा. उजवीकडून डावीकडे वर लिहा: ए, द, श, ह, दह, ल, दल. म्हणजे एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष. आता शतक आणि हजार यांच्यामध्ये एक जाड लाल रेघ, दशहजार आणि लक्ष यांच्यामध्ये दुसरी. तीन घरं झाली. उजवीकडचं घर तीन खोल्यांचं, हजाराचं दोन खोल्यांचं, लाखाचंही दोनच खोल्यांचं. कोटी आले की डावीकडे आणखी एक घर. स्वल्पविराम नेमका या लाल रेघांवर पडतो, त्यामुळे "तीन, दोन, दोन" वेगळं पाठ करावं लागत नाही.

नियम असा: सगळ्यात डावीकडचं घर सोडलं तर एकाही घरातली खोली मोकळी ठेवायची नाही. माणूस नसेल तर शून्याला बसवायचं. "एकसष्ट लाख" ऐकलं, लाखाच्या घरात ६१. "सात हजार", हजाराच्या घरात खोल्या दोन आणि माणूस एक, म्हणून ०७. शेवटी १८७. झालं ६१,०७,१८७.

श्रुतलेखनासाठी मुद्दाम पोकळ संख्या घ्या. "पाच लाख चार" हे ५,००,००४. "एक कोटी वीस हजार पन्नास" हे १,००,२०,०५०. या दुसरीत लाखाचं नावच निघत नाही, म्हणून बहुतेक मुलं ते घरच उडवतात. मुलानं लिहून झालं की त्यालाच परत मोठ्यानं वाचायला लावा. आपण "चुकलं" म्हणण्यापेक्षा त्याचं त्यालाच वाचताना अडखळू द्यावं, ते जास्त लक्षात राहतं.

मराठीत आणखी एक खोच आहे. "सत्त्याऐंशी"मध्ये सात आधी ऐकू येतो आणि ऐंशी नंतर, म्हणून १७८ लिहिणारी मुलं असतात. "एकोणपन्नास" तर त्याहून अवघड. कानात "पन्नास" राहतं आणि हातून ५९ उतरतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा त्यावर केवढा वाद झाला, पण अडचण खरी होती. मूल ९९ पर्यंतच्या शब्दांत अडखळत असेल तर लाख-कोटी दोन दिवस बाजूला ठेवा. तिथली गाठ न सोडवता पुढे गेलात तर प्रत्येक घरात तीच चूक दिसेल.

लग्नपत्रिकांचं विस्तारित रूप

विस्तारित रूप वहीत शिकवलं की मुलं ते तोंडपाठ करतात आणि विसरतात. आम्ही पट्ट्या केल्या. घरात पडलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. एका अंकाला दोन सेंटिमीटर रुंदी धरायची. म्हणजे ६०००००० ची पट्टी चौदा सेंटिमीटर, १००००० ची बारा, ७००० ची आठ, १०० ची सहा, ८० ची चार आणि ७ ची दोन. प्रत्येक अंक आपापल्या दोन सेंटिमीटरच्या चौकटीत लिहायचा आणि लाल रेघा इथंही हव्यात. स्वल्पविराम लिहू नका, जागा खातो आणि अंक सरकतात.

आता या सहा पट्ट्या ओळीनं मांडल्या की हे दिसतं:

६०,००,००० + १,००,००० + ७,००० + १०० + ८० + ७

मग सगळ्यात लांब पट्टी खाली, तिच्यावर पुढची, अशा एकावर एक रचायच्या. उजवी कड मात्र सगळ्यांची जुळली पाहिजे. वरून बघा, ६१०७१८७ दिसतं. भाचीनं रचून झाल्यावर सात हजाराची पट्टी थोडी उचलली आणि खाली डोकावली. "अगं, इथं शून्यं लपलीयत!" अगदी तेच. ६ हा अंक दिसायला ६ आहे, ती त्याची दर्शनी किंमत. पण त्याच्यापुढे सहा शून्यं झाकलेली आहेत, म्हणून त्याची स्थानिक किंमत साठ लाख. दशहजाराच्या चौकटीत दिसणारं शून्य कुठलं, हेही विचारा. ते खालच्या लाखाच्या पट्टीतलं असतं, कारण दशहजाराची पट्टी आपण केलीच नाही.

वहीत उतरवताना सुरुवातीचे काही दिवस ते शून्यही लिहू द्यावं: ६०,००,००० + १,००,००० + ० + ७,००० + १०० + ८० + ७. शाळेत कुणी ते गाळतात, कुणी ठेवतात, बेरीज तीच येते. मी ठेवण्याच्या बाजूची आहे. सात अंक, सात पदं, मोजून पटकन कळतं की काही सुटलं नाही.

नेहमीची चूक म्हणजे शून्यं कमी-जास्त होणं. ती पकडायची सोपी खूण अशी की मूळ संख्येत त्या अंकाच्या उजवीकडे जितके अंक, तितकीच शून्यं. ७ च्या उजवीकडे तीन अंक आहेत, १८७, म्हणून ७ वर तीन शून्यं.

जमलं की उलटा सराव द्या, आणि पदं मुद्दाम विस्कटून: ४०० + ३०,००,००० + ९ + ५०,०००. पट्ट्या न वापरता घरं भरली तर उत्तर येतं ३०,५०,४०९. ज्याला फक्त "डावीकडून उजवीकडे लिहा" एवढंच कळलंय, तो इथं ४३९५ सारखं काहीतरी लिहितो.

जवळची संख्या: आधी रेघ, मग नियम

"पुढचा अंक पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा" हा नियम पहिल्या दिवशी सांगू नका. मुलं तो पकडतात आणि कुठला अंक "पुढचा" हेच विसरतात. त्याऐवजी जमिनीवर खडूनं एक लांब रेघ ओढा. एका टोकाला ६१ लाख, दुसऱ्या टोकाला ६२ लाख. अगदी मधे कोण? ६१,५०,०००. हे मधलं नाव काढता येणं हीच खरी परीक्षा. आता ६१,०७,१८७ कुठं उभी राहील? मध्याच्या बरीच अलीकडे, म्हणून जवळचा लाख ६१,००,०००.

तीच संख्या आता जवळच्या दशहजारापर्यंत न्या. टोकं बदलतात: ६१,००,००० आणि ६१,१०,०००. मध्य ६१,०५,०००. आपली संख्या त्याच्या पलीकडे, उत्तर ६१,१०,०००. जवळच्या हजारापर्यंत नेली तर ६१,०७,०००. एकच संख्या कधी खाली उतरते, कधी वर चढते, कारण टोकं वेगळी. दोन-तीन रेघा ओढून झाल्या की नियम मुलंच सांगतात: जिथपर्यंत न्यायचं, त्याच्या लगेच उजवीकडचा अंक बघायचा. संख्या नेमकी मध्यावर आली तर वर जायचं, हा मात्र ठरवून घेतलेला संकेत आहे आणि तो तसाच सांगावा.

अवघड जागा दोन. पहिली, ९ वर एक वाढवणं. २००१ ची जिल्ह्याची लोकसंख्या ४९,९३,७९६. जवळच्या लाखापर्यंत न्यायला सांगितली तर भाचीनं ९ चे १० केले, शून्य लिहिलं, हातचा विसरला, उत्तर ४०,००,०००. अंक बघत बसण्यापेक्षा घर बघायचं. लाखाच्या घरात ४९ आहेत, ४९ नंतर ५०, म्हणून ५०,००,०००. उत्तर बरोबर आहे की नाही ते रेघेवरूनही कळतं. टोकं ४९ लाख आणि ५० लाख असताना ४० लाख मधे येईलच कसे?

दुसरी चूक हुशार मुलं करतात: टप्प्याटप्प्यानं जाणं. ६१,४५,६७८ आधी दशहजारापर्यंत, ६१,५०,०००. मग तिथून लाखापर्यंत, ६२,००,०००. वाटतं बरोबर, पण मूळ संख्या ६१,५०,००० च्या अलीकडे आहे, म्हणून उत्तर ६१,००,०००. दरवेळी मूळ संख्येपासूनच निघायचं.

मधेच एक गंमत करा. ४२२००१ लिहा आणि वाचायला सांगा. चार लाख बावीस हजार एक. मग म्हणा, जवळच्या हजारापर्यंत ने. ४,२२,००० येतं, आणि मग सांगा की हा नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड आहे, शेवटचा १ पुसला तर पत्र कुठं जाईल? मोजून आलेल्या संख्येचीच जवळची संख्या काढतात, नावासारख्या वापरलेल्या अंकांची नाही.

मोबाइलचंही बघून ठेवा. कित्येक ठिकाणी हीच लोकसंख्या ६,१०७,१८७ अशी तीन-तीनच्या गटांत दिसते. मूल पहिला स्वल्पविराम बघून "सहा लाख" म्हणतं. अशा वेळी सगळे स्वल्पविराम पुसायचे आणि उजवीकडून आपली घरं पुन्हा पाडायची.

शेवटचा सराव उलटा: जवळच्या लाखापर्यंत नेल्यावर ६१ लाख येईल अशी सगळ्यात लहान संख्या कोणती आणि सगळ्यात मोठी कोणती? सगळ्यात लहान संख्या भाचीला लगेच सापडली, ६०,५०,०००. मोठीला तिनं आधी ६१,५०,००० लिहिलं, रेघेवर जाऊन बरोबर मध्यावर उभी राहिली, खाली बघितलं आणि एक पाऊल मागे आली. "६१,४९,९९९. अजून एक बाळ जन्मलं की ६२ लाख."