वाण्याच्या दुकानाला ‘फाइव्ह फोर्सेस’ लावताना

एमबीएच्या पहिल्या वर्षी इंडस्ट्री अ‍ॅनालिसिसच्या असाइनमेंटसाठी मी कोथरूडमधला किराणा घेतला. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली, धंद्यातल्या नफ्यावर जोर लावणारी पाच बळं मला पाठ होती: आपसातली स्पर्धा, नवे येणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि ग्राहक. प्रत्येकासमोर ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ असं लिहून कागद दिला. सरांनी तो परत केला आणि एकच प्रश्न विचारला, “ही बळं कोणाच्या नफ्यावर जोर लावतायत?”

या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवावं लागतं, हे तेव्हा कळलं. डीमार्ट आणि कोपऱ्यावरचं दुकान हे दोन्ही ‘किराणा’ म्हणून एकत्र धरले, तर पुरवठादाराबद्दल काहीच नेमकं लिहिता येत नाही. डीमार्ट ट्रकभर माल उचलतं, कंपनीचे पैसे लवकर चुकते करतं आणि त्याची बरीचशी दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत. वाणी मात्र एजन्सीच्या सेल्समनकडून दोन डझन पुडे घेतो. म्हणून मी हद्द आखली: एका वॉर्डातली, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी दुकानं. डीमार्ट त्यांचा प्रतिस्पर्धी.

मग ओळखीच्या एका काकांच्या दुकानात तीन संध्याकाळी बसलो आणि त्यांची खरेदीची बिलं पाहिली. खरा शोध तिथे लागला. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं अशा ब्रँडेड मालात छापील शंभर रुपयांमागे त्यांना आठेक रुपये सुटत होते. एमआरपीच्या वर विकायला कायद्याने बंदी आणि खरेदीचा दर कंपनीने ठरवलेला, म्हणजे दोन्ही टोकं बांधलेली. गिऱ्हाईक नाव घेऊनच तो साबण मागतं, त्यामुळे काकांना नाही म्हणता येत नाही. सुट्या शेंगदाण्यावर मात्र शंभराला पंधरा सुटत होते. त्यातून निवडण-टिपण आणि तूट वजा केली तरी हातात साबणापेक्षा जास्त राहत होतं. मार्केटयार्डच्या भुसार बाजारात तेच शेंगदाणे विकणारे अनेक व्यापारी आहेत. एकाचा नमुना पटला नाही, तर काका शेजारच्या गाळ्यात जातात.

म्हणजे त्या एकाच दुकानात पुरवठादाराचं बळ साबणाच्या फळीवर जबर आणि पोत्यांच्या रांगेत किरकोळ होतं. मी ‘मध्यम’ लिहिलं होतं, ती या दोघांची सरासरी होती आणि तिचा दुकानाच्या कुठल्याच कोपऱ्याशी मेळ नव्हता. तुमच्या क्षेत्रात एका बळाची दोन उत्तरं येत असतील, तर दोन्ही लिहा आणि विक्रीतला कितवा हिस्सा कोणत्या बाजूला आहे ते सांगा. काकांच्या बिलांत सुट्या मालाचा हिस्सा साधारण एक तृतीयांश निघाला.

दुसरी चूक पर्यायाची. मी तिथे डीमार्ट आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप लिहिली होती. पण तीही किराणाच विकतात, म्हणून त्यांची जागा स्पर्धेत आणि नव्या येणाऱ्यांत. पर्याय म्हणजे तीच गरज वेगळ्या वाटेने भागवणं. पेठेतल्या खोलीवर राहणारा विद्यार्थी मेसचा डबा लावतो, तेव्हा डाळ-तांदळाचं एक गिऱ्हाईक कमी होतं. उन्हाळ्यात गावाकडून वर्षाचे गहू भरणारं कुटुंब आठ-दहा महिने गव्हाचं नाव काढत नाही. हा पर्याय काकांना माझ्याआधीच ठाऊक होता. एप्रिल-मेमध्ये ते गव्हाची खरेदी हात राखून करत.

ग्राहकाच्या बळाबद्दल पुस्तकी उत्तर सोपं आहे: दुकान बदलायला काही खर्च नाही, म्हणून बळ जास्त. पण गल्ल्याखालच्या लाल वहीत चाळीसएक घरांची उधारी होती. महिनाअखेरीला पगार झाला की ती घरं हिशेब चुकता करतात आणि पुढची यादी तिथेच देतात. त्यांच्यासाठी दुकान बदलणं म्हणजे उधारीची सोय गमावणं. फोनवरून पैसे देऊन जाणाऱ्या नव्या सोसायटीतल्या मंडळींवर अशी पकड नाही. तेलाचा डबा डीमार्टला स्वस्त मिळाला की ती तिकडे जातात. ही उधारी मात्र काकांचंच भांडवल अडकवते, तेव्हा तिचा खर्चही मांडा.

नव्या येणाऱ्यांवर मी चारच ओळी लिहिल्या. भाड्याचा गाळा, परवाने आणि काही लाखांचा माल असला की दुकान उघडतं, म्हणून अडसर कमी. टिकण्यासाठी लागणारी वही मात्र वर्षानुवर्षांच्या ओळखीतूनच तयार होते.

शेवटच्या पानावर पाच कप्प्यांच्या तक्त्याऐवजी एक वाक्य टाकलं: या दुकानांचा नफा ब्रँडेड फळीवर कंपनी आणि डीमार्टच्या कात्रीत आवळला जातो, आणि तो टिकतो सुट्या मालात व उधारीच्या घरांत. सरांनी त्याखाली लिहिलं, “मग फळीची जागा किती आणि पोत्यांची किती?” मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन दुकानात गेलो. दर्शनी भिंतीचा जवळजवळ सगळा भाग ब्रँडेड मालाने व्यापला होता आणि शेंगदाण्याचं पोतं दाराआड होतं.