नोड मेलाय की नुसता रखडलाय, हे कसं ठरवायचं

पहिलं हे पक्कं करा की लांबून बघताना मेलेला नोड आणि अडकलेला नोड अगदी सारखेच दिसतात, दोघंही गप्प. त्यामुळे "टाइमआउट झाला म्हणजे मेला" असं लिहून मोकळं होऊ नका. मी एकदा तसंच केलेलं, २ सेकंदांचा टाइमआउट लावून, आणि गार्बेज कलेक्शनमध्ये अडकलेला धडधाकट नोड दर थोड्या वेळाने बाहेर फेकला जायचा, परत यायचा, परत बाहेर.

स्विम नावाचा प्रोटोकॉल (२००२) यावर चांगला आहे. १०० नोड्सचं क्लस्टर धरा, आणि १७ नंबरचा नोड ६ सेकंद गोठलाय.

आधी थेट विचारा. दर सेकंदाला प्रत्येक नोड कुणातरी एकाला पिंग करतो. ५ नंबरने १७ ला केलं, ५०० मिलिसेकंदांत उत्तर नाही. कदाचित ५ आणि १७ मधलाच रस्ता खराब असेल, म्हणून आता ५ नंबर आणखी तिघांना सांगतो, "तुम्ही जरा १७ ला पिंग करून बघा." एकालाही उत्तर मिळालं तर विषय संपला.

तिघंही हात हलवत परत आले तरी मेला म्हणायचं नाही, संशयित म्हणायचं. ही बातमी रोजच्या पिंगांवरच लादून गॉसिपने पसरते, वेगळा ब्रॉडकास्ट लागत नाही. सोबत घड्याळ सुरू होतं, ते संपेपर्यंत १७ कडून काही कळलं नाही तरच मेला म्हणायचं. स्विमवर बेतलेल्या मेंबरलिस्ट लायब्ररीच्या लॅन सेटिंगमध्ये या घड्याळाचा कमीत कमी वेळ असा निघतो:

```
4 * log10(100) * 1s = 8s
```

(सुरुवात याच्या सहापटीने होते, आणि इतर नोड्सनाही स्वतःहून संशय आला की ती ८ कडे उतरते.)

आता खरी गंमत. ६ सेकंदांनी १७ जागा होतो, स्वतःवरचा संशय त्याच्या कानावर येतो, आणि तो आपला इन्कार्नेशन नंबर एकाने वाढवून "मी जिवंत आहे" पसरवतो. हा नंबर फक्त ज्याचा त्यानेच वाढवायचा, दुसऱ्या कुणी वाढवला तर जुनी बातमी कुठली आणि नवी कुठली हेच कळणार नाही. गोठणं मात्र घड्याळापेक्षा लांबलं तर जिवंत नोडही मेला म्हणून जाहीर होणारच, त्याला इलाज नाही.

शेवटी लॉग बघा.

```
Suspect node-17 has failed, no acks received
Refuting a suspect message (from: node-5)
```

पहिली ओळ संशय घेणाऱ्याकडे दिसते, दुसरी १७ कडे. दुसरी सारखी येत असेल तर १७ मेलेला नाही, रखडतोय, त्याचा सीपीयू आणि गार्बेज कलेक्शनचे पॉज तपासा. पण ५ नंबर १७ सोबत २२, ४० असा दिसेल त्याच्यावर संशय घेत असेल तर रखडलेला ५ स्वतःच आहे, उत्तरं वेळेत येतायत पण वाचायला त्यालाच उशीर होतोय.