परिषदेच्या सुरुवातीच्या सूचना देताना या चुका टाळा

पत्रिकेवर उद्घाटनाची वेळ साडेनऊ असते. प्रमुख पाहुण्यांची गाडी येते सव्वादहाला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणखी दोन भाषणं. आभार मानायला उठलेला माणूस शेवटी म्हणतो, "एक छोटीशी सूचना आहे, जेवणाची व्यवस्था मागच्या बाजूला केलेली आहे." तोवर निम्मा हॉल चहाकडे निघालेला असतो, आणि आपत्कालीन दारांचा विषय कुणी काढतही नाही.

म्हणजे पहिली चूक भाषणाच्या मजकुरातली नाही, जागेची आहे. या सूचना आभारप्रदर्शनात टाकू नयेत, प्रास्ताविकात तर नाहीच. प्रास्ताविकात परिषदेचा हेतू सांगायचा असतो. त्याच्या पोटात कुलपं-दारं घातली की दोन्ही वाया जातात. पाहुणे येण्याआधी, लोक बसल्याबरोबर, संयोजकांपैकी एकाने चार मिनिटांत सूचना उरकाव्यात. पाहुणे उशिरा येणारच असतील तर तो वेळ यासाठी सोन्यासारखा आहे. सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे मजकूर साडेचारशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. बीड-हिंगोलीकडून एसटीने येणारे अकरापर्यंत येत राहतात, म्हणून चहानंतरच्या सत्राच्या सुरुवातीला यातलाच एक मिनिटाचा गाभा पुन्हा सांगावा.

"डावीकडे दार आहे"

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. बोलणारा व्यासपीठावरून श्रोत्यांकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे त्याची डावी बाजू ही श्रोत्यांची उजवी. तो सहज "डावीकडचं दार" म्हणतो, हात मात्र दुसरीकडेच दाखवतो, आणि तीनशे माणसांपैकी निम्मी एका भिंतीकडे बघतात, निम्मी दुसऱ्या. शांतपणे बसलेलं असताना याचं हसू येतं. धुरात येत नाही.

डावं-उजवं सोडून द्या आणि खूण सांगा: "पाण्याच्या जारजवळचं दार", "नोंदणीच्या टेबलामागचं दार". दाराचं नाव घेताच तिथल्या स्वयंसेवकाने हात वर करायचा, एवढं आधी ठरवून ठेवा. श्रोत्यांची मान एकदा त्या दिशेला वळली की जागा लक्षात राहते. हे हातवारे बोलणाऱ्याने करू नयेत, दारातल्या माणसानेच करावेत.

माणूस संकटात ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो, जवळ दुसरं असलं तरी. त्यामुळे "चार दारं आहेत" एवढं सांगून उपयोग नाही. कोणत्या रांगेने कोणत्या दाराने जायचं ते सांगावं लागतं.

आता हे एका हॉलवर मांडून बघू. समजा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात दोन दिवसांची परिषद आहे, नोंदणी तीनशे. दारं चार: मुख्य दार मागे, दोन्ही भिंतींत एकेक, आणि चौथं व्यासपीठामागे. कागदावर व्यवस्था उत्तम. पण सकाळी आठला फिरून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. एका बाजूच्या दारात भलामोठा कूलर बसवलेला आहे, कारण एप्रिलमध्ये त्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही. व्यासपीठामागचं दार उघडतं ते थेट आचाऱ्याच्या भट्टीसमोर, तिथे तेलाची कढई आणि शेजारी सिलिंडर. दुसऱ्या बाजूच्या दारावर परिषदेचा फ्लेक्स ताणलेला आहे आणि आतून कुलूप, फुकटचे जेवणारे शिरू नयेत म्हणून. चारातलं एकच दार खरं.

अशा हॉलमध्ये संयोजक "आपल्याकडे चार आपत्कालीन मार्ग आहेत" म्हणाला तर ते भाषण धोकादायक आहे. आधी दारं मोकळी करायची, मग बोलायचं. कूलर दारातून काढून खिडकीशी न्या. जागाच नसेल तर ते दार सूचनेतून वगळा. फ्लेक्स दारावरून हलवून कोऱ्या भिंतीवर लावा. कुलूप काढा, आणि फुकट्यांची भीती असेल तर बाहेर एक माणूस बसवा. भट्टी किमान दारासमोरून बाजूला घ्यायला लावा. आचारी कुरकुर करतो, पण हे आदल्या संध्याकाळी चूल मांडायच्या आधी सांगितलं तर ऐकतो, चूल पेटल्यावर नाही. दार हाताने ढकलून बघा: ते बाहेर उघडतं की आत? आत उघडणाऱ्या दाराशी गर्दी दाटली की ते उघडता येत नाही. म्हणून अशा दारात सत्रभर माणूस हवाच, आणि दार उघडंच अडकवून ठेवायचं.

ऐनवेळी गर्दी वाढते तेव्हा मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायचा मोह होतो. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली आणि ५९ माणसं गेली. तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून एका बाजूची जाण्याची वाट बंद केलेली होती. तेवढं आठवून खुर्च्या परत पाठवा.

दारांवरचे हिरवे दिवे दिसायला लागलेले असतात, पण बॅटरीवर चालतात का हे मुख्य स्विच पाडूनच कळतं. सकाळच्या फेरीतच बघा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली इमारतीच्या मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावं लागतं. हॉल बुक करतानाच त्याची प्रत मागून घ्या.

आग आणि भूकंप एकाच वाक्यात

"काही आपत्ती आली तर ताबडतोब बाहेर पडा" हे वाक्य मराठवाड्यात तरी बोलू नये. इथल्या माणसाला भूकंप पुस्तकातून कळलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचं किल्लारी लातूर-धाराशिवच्या घराघरात आठवतं, आणि २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोलीकडे बसलेले धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. आगीत लगेच निघायचं असतं. भूकंपात हादरे चालू असताना पळणारा माणूस पडतो, तुडवला जातो किंवा दाराशी कोसळणाऱ्या पत्र्या-काचांखाली येतो. दोन्हीसाठी दोन वेगळी वाक्यं हवीत: आग लागली तर उठा आणि निघा, जमीन हलली तर खुर्चीच्या आडोशाला खाली बसा, डोकं हातांनी झाका, हादरे थांबल्यावर निघा.

"घाबरू नका" एवढंच म्हटल्याने कुणी घाबरायचं थांबत नाही, त्याच्या हाताला काम द्यावं लागतं. आणि वीज गेली की माईकही जातो, हे बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. जनरेटर सुरू होईपर्यंत हॉल अंधारात आणि मुका असतो. दोन स्वयंसेवकांच्या गळ्यात शिट्टी द्या आणि सूचनेतच सांगा की लांब शिट्टी म्हणजे बाहेर पडा. नुसती वीज गेली तर जागेवर बसा, हेही सांगा, नाहीतर साध्या लोडशेडिंगला अर्धे लोक उठतात.

जमायची जागा मांडवाखाली किंवा पार्किंगमध्ये ठरवू नका. मांडवाचं कापड पेट घेतं, आणि पार्किंगमधूनच अग्निशामक गाडीला आत यायचं असतं. समोरचं मैदान, झेंड्याच्या खांबाजवळ, असं ठरलेलं बरं.

जेवणाची वेळ सांगितली, हिशेब नाही

"दीड वाजता जेवण" ही अर्धी सूचना आहे. परत कधी बसायचं ते सांगितलं नाही तर दुपारचं पहिलं सत्र रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं. एका माणसाला ताट वाढून घ्यायला पंधरा सेकंद धरा. टेबल एकच आणि दोन्ही बाजूंनी वाढप असेल तर मिनिटाला आठ माणसं, म्हणजे तीनशेव्या माणसाच्या हातात ताट यायला साडेसदतीस मिनिटं. तासाच्या सुट्टीत त्याला जेवायला वीस-बावीस मिनिटं उरतात. अशी दोन टेबलं लावली तर हेच एकोणीस मिनिटांत होतं. टेबल वाढवता येत नसेल तर सुट्टी वाढवा, आणि दाराजवळच्या मागच्या रांगा आधी सोडा. पुढच्या रांगा आधी उठल्या की वाटेतच कोंडी होते.

उपवासाचं लोक स्वतःहून सांगत नाहीत. एकादशी किंवा चतुर्थी असेल तर भगर किती लागेल हे नोंदणीच्या टेबलावरच विचारून आचाऱ्याला दहाच्या आत कळवा. आपल्याकडे शेंगदाणा चटणीत असतो, ठेच्यात असतो, भाजीच्या वाटणातही असतो. ज्याला तो चालत नाही त्याला "काळजी घ्या" सांगून काय उपयोग? कशात नाही ते सांगा: "वरण, भात आणि भाकरीत शेंगदाणा नाही." पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर कुपनाविना राहतात. त्यांचंही जेवण कुठे, हे याच भाषणात एका वाक्यात यावं.

सगळं मिळून बोलायचा मजकूर साधारण असा होतो:

"नमस्कार मंडळी. लातुरात आपलं स्वागत. पाहुणे येण्याआधी चार मिनिटं कामाचं बोलतो. चहा साडेअकराला, इथेच बाहेरच्या व्हरांड्यात. जेवण सव्वाला, मागच्या मांडवात. सवादोनला आपण परत खुर्चीत असू, पाच मिनिटं आधी घंटा होईल. आजचं काम साडेपाचला थांबेल, उशीर झाला तर शेवटचं सत्र कापू पण वेळ पाळू, म्हणजे गाड्या चुकणार नाहीत. आता दारं बघून घ्या. पाण्याच्या जारजवळ हात वर केलेले आपले कार्यकर्ते दिसतायत? पुढच्या आठ रांगांनी त्या दाराने जायचं. बाकीच्यांनी मागच्या मोठ्या दाराने. कूलरजवळचं दार आणि व्यासपीठामागचं दार वापरायचं नाही. लांब शिट्टी ऐकली की पिशव्या सोडून उठायचं आणि झेंड्याजवळ जमायचं. जमीन हलली तर मात्र आधी खाली बसा, डोकं झाका. ज्यांना चालायला मदत लागते त्यांनी आत्ताच हात वर करा, आपल्याशेजारी एक स्वयंसेवक बसेल. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, अग्निशामक दलासाठी १०१, आणि कुठलाच नंबर आठवला नाही तर ११२."

"वेळ पाळू" म्हटलं की पाळावी लागते. कोणतं सत्र कापायचं हे अध्यक्षांशी आधी बोलून ठेवा, नाहीतर व्यासपीठावरच वाद होतो.

दुसऱ्या दिवशी ही सगळी फेरी पुन्हा मारावी लागते. रात्री वॉचमन हॉल बंद करताना जारजवळच्या दाराला सवयीने कुलूप घालतो, आणि सकाळी किल्ली त्याच्याबरोबर घरी गेलेली असते.