फवारणीच्या व्हिडिओने शिकवलेला हिशेब

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून मी कपाशी आणि तुरीच्या शेतीविषयी यूट्यूबवर चॅनेल चालवतो. सप्टेंबरअखेर माझे व्ह्यूज ऑगस्टपेक्षा किंचित वाढलेले होते आणि उत्पन्न मात्र जवळजवळ 30 टक्क्यांनी घटलेले होते. बँकेच्या खात्यावरून हे कळण्याची सोय नव्हती, कारण 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत आणि माझ्यासारख्याला तेवढे जमायला दोन-तीन महिने लागतात. घट पाहिली ती यूट्यूब स्टुडिओतच. या धंद्यात नव्याने आलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून तिचा माग कसा काढला ते लिहितो.

पहिली चूक अशी झाली की मी RPM पाहून जाहिरातींचे दर पडले असे ठरवून टाकले. ऑगस्टचा RPM 22 रुपये होता, सप्टेंबरचा साडेपंधरा. परंतु RPM म्हणजे आपल्या हाती आलेली सगळी रक्कम भागिले सगळे व्ह्यूज, गुणिले हजार. जाहिरात न लागलेले व्ह्यूजही त्यात धरलेले असतात, त्यामुळे दर तोच राहून केवळ जाहिराती कमी लागल्या तरी RPM खाली येतो. घट झाली एवढे तो सांगतो, पण ती कशाने झाली हे सांगत नाही.

म्हणून Analytics मध्ये Advanced mode उघडून मी आधी शॉर्ट्स वगळले, कारण त्यांच्या जाहिरातींचे पैसे एकत्र जमा करून वाटले जातात आणि हा हिशेब त्यांना लागू पडत नाही. मग Views च्या शेजारी Estimated monetised playbacks आणि Playback-based CPM हे दोन रकाने लावले. पहिल्या रकान्यात किमान एक जाहिरात दाखवली गेली असे प्लेबॅक मोजले जातात. सुरुवातीची जाहिरात चालू असतानाच प्रेक्षक निघून गेला, तरी तो प्लेबॅक धरला जातो. दुसऱ्या रकान्यात अशा हजार प्लेबॅकमागे जाहिरातदारांनी मोजलेली रक्कम असते आणि ती आपला वाटा काढण्यापूर्वीची असते. नुसता CPM हा वेगळा आकडा आहे. तो हजार जाहिरातींमागे असतो, आणि आठ मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओत मध्येही जाहिराती बसवता येत असल्याने एका प्लेबॅकमध्ये दोन-तीन जाहिराती लागू शकतात. या दोहोंत गल्लत झाली की हिशेब जुळत नाही. माझा एक संध्याकाळभर जुळला नव्हता.

ऑगस्टमध्ये 1,50,000 व्ह्यूजपैकी 75,000 प्लेबॅकवर जाहिरात लागली होती आणि दर 80 रुपये होता. एकूण 6,000 रुपये झाले, त्यातला 55 टक्के वाटा म्हणजे 3,300 रुपये माझे. सप्टेंबरमध्ये व्ह्यूज 1,52,000 झाले, पण जाहिरात लागलेले प्लेबॅक 51,000 वर आले होते. दर उलट वाढून 84 रुपये झाला होता, बहुधा सणासुदीच्या तोंडावर जाहिरातदार जास्त खर्च करतात म्हणून. हाती आले सुमारे 2,356 रुपये. म्हणजे दरावर घेतलेला माझा संशय सपशेल चुकीचा होता.

मग हेच रकाने व्हिडिओवार पाडले आणि उत्तर एका ओळीत सापडले. फवारणी करताना होणाऱ्या विषबाधेवरच्या माझ्या व्हिडिओला त्या महिन्यात 58,000 व्ह्यूज होते आणि जाहिरात लागलेले प्लेबॅक जेमतेम 4,000. बाकीच्या व्हिडिओंचे 94,000 व्ह्यूज आणि 47,000 प्लेबॅक, म्हणजे प्रमाण ऑगस्टइतकेच निम्मे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले होते, त्यामुळे आमच्याकडे या दिवसांत असा व्हिडिओ लोक आवर्जून बघतात आणि एकमेकांना पाठवतात. बाकीच्या व्हिडिओंचे कमी झालेले व्ह्यूज त्याने भरून काढले, आणि म्हणूनच एकूण आकडा स्थिर दिसत राहिला.

त्या व्हिडिओपुढे डॉलरचे चिन्ह पिवळे होते, म्हणजे मर्यादित जाहिराती. थंबनेलवर मी सलाईन लावलेल्या रुग्णाचा, तोंडाला फेस आलेला फोटो टाकला होता आणि पहिल्या मिनिटात तसेच दृश्य होते. जाहिरातदारांना न चालणाऱ्या धक्कादायक दृश्यांत ते बसते, हे नियम पुन्हा वाचल्यावर मलाच पटले. थंबनेलवर हातमोजे आणि मास्क घातलेला फवारणी करणारा माणूस घेतला, ते दृश्य स्टुडिओच्या एडिटरमध्येच कापले, जेणेकरून लिंक आणि व्ह्यूज कायम राहतील, आणि मगच फेरतपासणी मागितली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण माणसाने तपासून दिलेला निर्णय सहसा अंतिम असतो.

चिन्ह हिरवे झाल्यावर त्या व्हिडिओचे प्रमाण काही दिवसांत निम्म्याच्या जवळ गेले. आधीच्या 58,000 व्ह्यूजचे मात्र काही परत मिळाले नाही; निम्म्या प्रमाणाने मोजले तर ते साधारण साडेअकराशे रुपये होते. हे पडताळताना शेवटचे दोन-तीन दिवस मी सोडून दिले, कारण उत्पन्नाचे आकडे उशिरा भरतात आणि महिन्याची पक्की रक्कम पुढच्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेदरम्यानच ठरते.