रिपोर्टचा फोटो गेला, नुसते आकडे राहिले: सीबीसी कसा वाचायचा

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात एक गोष्ट नेहमी घडते. आई गावात तापाने आजारी असते, मुलगा पुण्यात असतो, आणि लॅबच्या सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या रिपोर्टचा, फोटो घरच्या ग्रुपवर येतो. नंतर कुणीतरी तो काढून टाकतं आणि मागे उरतो फक्त घाईत टाईप केलेला मेसेज: 'एचबी १०.८, टीसी ३६००, एन ३४, एल ५८, पीएलटी ९८, एमसीव्ही ७१.' समोरचा कॉलम गेलेला असतो, म्हणजे युनिट नाही आणि रेंजही नाही. हाच मेसेज घेऊन एकेक आकडा कसा लावायचा ते पाहू. ४५ वर्षांची बाई, तापाचा पाचवा दिवस, असं धरा.

आधी फोटो परत मिळतो का बघा: पाठवणाऱ्याची गॅलरी, मग फोनमधला ट्रॅशचा फोल्डर. तिथेही नसेल तर लॅबला फोन करून बिल नंबर किंवा नाव आणि तारीख सांगा आणि पीडीएफ मागा. निम्म्या वेळा काम इथेच संपतं.

नाही मिळाला तर आकडे मेसेजमध्ये जसे आहेत तसेच वहीत उतरवा. १०.८ चे ११ करू नका. शेजारी वय, बाई की पुरुष, गरोदर आहे का, आणि तापाचा कितवा दिवस हे लिहा.

आता खरी अडचण येते ती युनिटची. घरचे लोक इथेच घाबरतात किंवा इथेच गाफील राहतात. प्लेटलेट ९८ म्हणजे काय? एक लॅब हाच आकडा ९८,००० असा छापते, दुसरी ०.९८ लाख असा, आणि तिसरी नुसता ९८ छापून युनिटच्या कॉलममध्ये `10^3/µL` लिहिते, म्हणजे 'हजार' तिकडे गेलेलं असतं. तिन्ही एकच आहेत. फोटोबरोबर तो कॉलम गेला की 'प्लेटलेट ९८ वर आल्या' असं वाचून घरात रडारड सुरू होते. उलटही होतं: १.४ हा आकडा १ लाख ४० हजार असताना कुणी त्याला १४ हजार समजतं. म्हणून आधी रेंज शोधू नका, आधी ठरवा की हा आकडा कुठल्या मापात बसू शकतो. मोठ्या माणसाच्या प्लेटलेट साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. म्हणजे लाखात मोजलं तर आकडा १.५ ते ४.५ च्या आसपास येतो, हजारात मोजलं तर १५० ते ४५० च्या आसपास. ९८ हा हजारातलाच असणार, कारण ९८ लाख प्लेटलेट कुणाला नसतात आणि एकूण ९८ प्लेटलेट असणारा माणूस साधा ताप घेऊन घरी बसलेला नसतो.

टीसीलाही हीच कसोटी लावा. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,०००. मेसेजमध्ये ३६०० आहे, म्हणजे पूर्ण आकडा लिहिलाय. दुसऱ्या लॅबने ३.६ छापला असता. हिमोग्लोबिन आपल्याकडे ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतं. परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या कागदावर तेच १०८ दिसलं तर तो ग्रॅम प्रति लिटरचा आकडा आहे, दहाने भागा. अंदाजाने युनिट भरण्याला मात्र हद्द आहे: आकडा दोन मापांत बसत असेल तर लॅबला फोन करून युनिट विचारा.

युनिट ठरलं की रेंज. ग्रुपवर कुणीतरी लगेच नेटवरची एक रेंज टाकतं. ती पुरुषाची आहे की बाईची, मोठ्याची की लहान मुलाची, हे त्याने पाहिलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली, गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली, मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली, गेलं की रक्तक्षय धरतात. एकच १०.८, पण तिघांसाठी उंबरठे वेगळे. शिवाय लॅबची रेंज त्या लॅबच्या मशीनवर आणि पद्धतीवर ठरते. एमसीव्हीची, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराची, खालची मर्यादा एकीकडे ८० तर दुसरीकडे ८३ छापलेली दिसते. रेंज त्याच लॅबची हवी. त्याच लॅबचा घरातला जुना सीबीसी रिपोर्ट कपाटात असेल तर त्याच्यावरून घ्या. तो पुरुषाचा असेल तर हिमोग्लोबिनची रेंज सोडून द्या. रेंज साधारणपणे निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून काढलेली असते, म्हणून किंचित बाहेर गेलेला एखादा आकडा म्हणजे आजारच असं नाही.

पुढची चूक डीसीची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीची. एन म्हणजे न्यूट्रोफिल, एल म्हणजे लिंफोसाइट, आणि हे टक्के आहेत. ३४ आणि ५८ मिळून ९२ झाले, उरलेले ८ इतर पेशींचे. बेरीज शंभरच्या पलीकडे गेली तर टाईप करताना चूक झाली असं समजा. लिंफोसाइटची टक्केवारी साधारण २० ते ४० असते, म्हणून ५८ पाहून 'लिंफोसाइट वाढल्या' असं म्हणून टाकतात. टक्के बघून कधीही वाढल्या-घटल्या ठरवू नका, एकूण संख्येने गुणा. ३६०० चे ५८ टक्के म्हणजे २०८८. मोठ्या माणसात १,००० ते ३,००० चालतात, म्हणजे लिंफोसाइट ठीक आहेत. ३६०० चे ३४ टक्के म्हणजे १२२४. न्यूट्रोफिल साधारण २,००० च्या वर हवेत. वाढलेलं काही नाही, कमी झालेले न्यूट्रोफिल आहेत, आणि म्हणून लिंफोसाइटचा टक्का फुगलेला दिसतो.

आता नवं काय आणि जुनं काय ते वेगळं करा. एमसीव्ही ७१ म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे पाच दिवसांच्या तापाने एमसीव्ही ७१ वर येत नाही. ते आणि १०.८ हिमोग्लोबिन जुनं दुखणं आहे: बहुतेकदा लोहाची कमतरता, कधी थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोष. ताप उतरल्यावर डॉक्टरांना वेगळं दाखवा. तापाचं चित्र दुसरं आहे: पांढऱ्या पेशी ३६००, प्लेटलेट ९८ हजार. पावसाळ्यात असे आकडे डेंग्यूत दिसतात, पण इतर व्हायरल तापातही दिसतात. सीबीसीवरून डेंग्यू ठरत नाही, त्याची टेस्ट वेगळी असते.

प्लेटलेट अनपेक्षित कमी आल्या आणि माणूस बरा दिसत असेल, तर लॅबला 'स्मिअर पाहिला का', म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं का, हे विचारा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट गठ्ठा करतात आणि मशीन त्या कमी मोजतं.

लॅबला फोन लागलाच तर पीसीव्हीही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के तो आकडाही, मागा. घाईच्या मेसेजमधून तो हमखास गळतो. डेंग्यूच्या तापात प्लेटलेट उतरताना पीसीव्ही चढत असेल तर रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपत असू शकतं, आणि ते नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं असतं. इथे रेंज फारशी कामाची नाही, परवाचा पीसीव्ही आणि आजचा पीसीव्ही शेजारी ठेवावे लागतात. परवाचा निपाणीत आणि आजचा कोल्हापुरात केला असेल तर दोन मशीनमुळे थोडा फरक येतो. पुढची तपासणी एकाच लॅबमध्ये करा.

पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही असेल तर आकडे जुळवत बसू नका. मेसेज तसाच डॉक्टरांना दाखवा आणि दवाखान्यात जा. ही लक्षणं ताप उतरतानाही दिसतात, म्हणून थर्मामीटरवर ९८ आला की काळजी संपली असं धरू नका.